छाल्बीवरची आडवी माणसं

"दुपारी जमीन खोटं बोलते, म्हणून उभं राहून विचारावं," असं एलेमा एकदा म्हणाला होता. तेव्हा आम्ही हसलो होतो. आमच्या उंट पाळणाऱ्या गाब्रा लोकांच्या तांड्यांत त्याच्या डोळ्यांवर सगळ्यांचा विश्वास होता. छाल्बीच्या खाऱ्या मैदानावर धूळ उठली की ती वाऱ्याची, मेंढ्यांची की माणसांची, हे तो बसल्या जागेवरून सांगायचा.

त्या वर्षी एका पहाटे लुटारू आले. त्यांनी अकरा उंट नेले आणि मैदानाच्या काठावर उंट राखणाऱ्या अदानोच्या पोटात गोळी घातली. ते परत येतील, असं एलेमानं सांगितलं. एलेमासह आम्ही सहा जण बंदुका घेऊन मैदानाच्या काठावर गेलो. जमीन अजून गार होती आणि मैल-दीड मैलांवरचा दगडही स्पष्ट दिसत होता.

"पोटावर पडून राहा," एलेमा म्हणाला. "डोकं वर काढाल तर उडेल."

आम्ही हनुवट्या मिठाला टेकून पडलो. तो मागे वीस पावलांवर अदानोजवळ बसला आणि त्याच्या पोटावर फडकं दाबून राहिला. फडक्याचा रंग बदलत होता. अदानो शिव्या देत होता, आधी लुटारूंना, मग आम्हाला, मग आईला. थोड्या वेळानं तो फक्त श्वास घेत राहिला.

ऊन चढलं. जमीन तापली, तिच्या लगतची हवाही तापली आणि समोर पाणी पसरलं. तिथं पाणी नव्हतंच. वरून येणारा आकाशाचा उजेड त्या तापल्या हवेत वळून आमच्या डोळ्यात शिरत होता आणि जमिनीच्या जागी आकाशच दिसत होतं. डोळा जितका खाली, तितकं हे पाणी जवळ येतं आणि जास्त गिळतं. आमचे डोळे जमिनीपासून वीतभर उंचीवर होते.

मग ते दिसले. काळे, काटकुळे, ताडासारखे उंच. डुलत येत होते.

"आठ," सोरा कुजबुजला. सोरा आमच्यात सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात रागीट होता. "आठ आहेत. भाले उभे धरलेत."

"वारियो तर नसेल?" मी विचारलं. वारियो एलेमाचा धाकटा भाऊ, कलाचाच्या झऱ्यावर पाणी आणायला गेला होता.

"तो उद्या येणार आहे. तुझं डोकं उन्हानं फिरलंय."

"उंटांच्या घंटाही ऐकू येत नाहीत," मी म्हणालो.

"लुटारू घंटा बांधून येतात का, बावळटा?"

वारा आमच्या पाठीकडून वाहत होता. उंटांच्या लाकडी घंटांचा आवाज तो पलीकडे नेत होता, आणि हे आम्ही लक्षात घेतलं नाही.

ते पाचशे-सहाशे पावलांवर आले.

"कमरेवर नेम धरा," सोरा म्हणाला.

त्या आकृत्यांना कंबर दिसत होती. वर एक रूप, खाली त्याचंच उलटं रूप, आणि दोन्ही जिथं चिकटत तिथं आम्ही कंबर मानली.

मागून एलेमा ओरडला, "थांबा! कुणाला पाहिलंत?"

"काका, खालीच राहा! डोकं उडेल!" सोरा म्हणाला.

"आधी उभे राहा रे! उभे राहून बघा!"

एलेमा उभा राहिला. माणसाच्या उंचीवरून ते पाणी मागे सरकतं. त्याचे डोळे आमच्यापेक्षा पाच फूट वर होते. मी मान वळवून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि सोरानं गोळी झाडली. मग आम्ही सगळ्यांनीच.

आठांपैकी तीन आकृत्या कोसळल्या. कोसळताना त्या आडव्या झाल्या आणि उंट निघाले. उंच दिसत होत्या त्या त्यांच्या माना. पाठीवर पाण्याचे डबे बांधलेले होते. पुढून दोरी धरून चालणारा माणूस आम्हाला दिसलाच नव्हता. त्या खोट्या पाण्यानं त्याला डोक्यापर्यंत गिळलं होतं, आणि आम्ही ज्याला कंबर म्हणालो, नेमका तिथंच तो चालत होता.

एलेमा आमच्या अंगांवरून धावला. एका उंटाच्या मानेतून रक्त फुगे काढत होतं, फुटलेल्या डब्यांतलं खरं पाणी मिठात मुरत होतं. वारियोची मांडी आणि पोट गोळ्यांनी फाटलं होतं.

"दादा," वारियो म्हणाला, "मी हात हलवत होतो ना."

तो संपला. मागे अदानोही केव्हातरी संपला होता.

संध्याकाळी बाभळीखाली म्हातारे बसले. वारियोची बायको दिरामू आली आणि तिनं काठीनं सोराला मारलं. कानशील फुटलं, ओठ फाटला. कुणी तिला धरलं नाही. सोरानंही हात वर केला नाही.

शेवटी वृद्ध कातेलोनं तिची काठी खाली घेतली.

"बास, पोरी. मला याला विचारू दे." तो सोराकडे वळला. "भर दुपारी आडवं पडून नेम धरायला तुम्हाला कुणी सांगितलं? छाल्बीवर लहान पोरंही असं करत नाहीत."

सोरानं रक्त थुंकलं. "माझं मलाच सुचलं, आजोबा."

"सगळे पडले ते तुझ्या सांगण्यावरून?"

"हो. मीच सांगितलं."

मी तोंड उघडलं. सोरानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. एलेमाचा पहाटेचा हुकूम दुपारी बदलायला हवा होता, आणि तो बदलणारा माणूस एका मरणाऱ्याच्या पोटावर हात दाबून बसला होता. हे आम्हा पाच जणांना ठाऊक होतं.

"एलेमा," कातेलो म्हणाला, "मेलेला तुझा भाऊ आहे. हा पोरगा खरं बोलतोय का? तू फक्त हो म्हण, बाकीचं आम्ही बघतो."

एलेमाच्या हातांवर दोघांचं रक्त वाळलं होतं. तो सोराच्या फाटक्या ओठाकडे बघत राहिला, मग दिरामूकडे. मग तो उठला, म्हाताऱ्यांच्या मधून वाट काढत बाभळीखालून बाहेर पडला आणि मैदानाकडे चालत गेला.