लाल दिवा आणि अडकलेली गन

आमच्या घरात इलेक्ट्रिक गाडी आली तेव्हा तिच्याबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक माझ्या हातात देण्यात आलं. मी इंजिनिअरिंगला इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे विजेचं जे काही असेल ते मला कळतंच, असा सगळ्यांचा समज. मिक्सर बंद पडला तरी मला हाक मारतात. मला मिक्सर दुरुस्त करता येत नाही.

पप्पांनी बरीच वर्षं पेठ वडगाव ते कोल्हापूर वडापची, म्हणजे शीट भरून न्यायची, जीप चालवली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीला साहेब लोकांची ने-आण करायला इलेक्ट्रिकच गाडी हवी होती, म्हणून त्यांनी जीप विकून ही घेतली. दसऱ्याच्या लगेच पुढच्या दिवशी गाडी कंपनीत दाखवायची होती. दुपारी चारला सुपरवायझर बघणार, पसंत पडली तर दुसऱ्या दिवसापासून काम. नाही तर त्यांच्याकडे दुसरा गाडीवाला तयारच होता.

दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही सगळ्या पाहुण्यांकडे फिरलो आणि बॅटरी तळाला गेली. रात्री घरी प्लग लावला तर चार्जिंगच्या तोंडाभोवतीचा दिवा लाल. काढून परत लावला, परत लाल.

"अर्थिंग ढिलं झालंय," पप्पा म्हणाले आणि अर्थिंगच्या खड्ड्यात बादल्या ओतत बसले. खड्डा गच्च भरला. दिवा लालच.

मी पुस्तक उघडलं. पांढरा म्हणजे प्लग ओळखला, हिरवा लुकलुकतोय म्हणजे चार्जिंग चालू, लाल म्हणजे बिघाड. कसला बिघाड, ते सांगणारं पान काही मिळेना.

सकाळी उरल्यासुरल्या बॅटरीवर आम्ही हायवेच्या एका हॉटेलच्या आवारात फास्ट चार्जर आहे तिथं गेलो. आमच्या पुढं तीन गाड्या, शेवटची एका धान्याच्या व्यापाऱ्यांची. आमचा नंबर यायला दुपार झाली. हॉटेलचा वॉचमनच चार्जरही बघायचा. त्यानं गन, म्हणजे चार्जरच्या केबलचा जाड प्लग, गाडीला लावली. कट्ट असा लॉक पडल्याचा आवाज आला, दिवा पांढरा झाला आणि मला हायसं वाटलं. थोडा वेळ मशीनच्या स्क्रीनवर गाडीशी जोडणी तपासतोय असं येत राहिलं. मग दिवा लाल. स्क्रीनवर कम्युनिकेशन एरर.

व्यापारी चहा घेऊन बघायला आले होते. "हिरवी लाइट हाय की मशीनवर! चालू हाय, पावणं!"

"ती दुसऱ्या गनची आहे, ती आपल्या गाडीला बसत नाही," मी म्हटलं. "आणि मशीनवर हिरवा म्हणजे रिकामी. चार्जिंगला निळा लागतो."

"मग गाडीवर हिरवा म्हंजे?"

"चार्जिंग."

"ह्येच्यात हिरवा म्हंजे रिकामी आन् त्येच्यात हिरवा म्हंजे चालू? कुणी केलंय ह्ये?"



मशीनवरच्या नंबरला फोन लावला. तिकडच्या बाईंनी गन काढून परत लावायला सांगितलं. वॉचमननं ओढली. येईना. पप्पांनी चावीचं बटण दाबलं, आत काहीतरी कुर्र करून थांबलं. गन जागची हलली नाही.

मग जे व्हायचं ते झालं. व्यापाऱ्यांनी चहाचा कप बॉनेटवर ठेवला आणि बाह्या सावरल्या. पप्पांनी बंपरला पाय लावला. वॉचमननं मागून केबल धरली.

"एक, दोन... ओढा!"

"पप्पा, ओढू नका," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. माझा आवाज तसा मोठा निघतच नाही, वर्गातसुद्धा हजेरी दोनदा द्यावी लागते.

"आरं, हिसका मार, हिसका! कशाला तूप चोपडल्यागत धरलंयस?" व्यापारी वॉचमनवर ओरडले.

"तुटंल की!" वॉचमन म्हणाला.

"तुटू दे, निघंल तरी!"

गाडी हलायला लागली. तीन वाजत आले होते. पप्पांच्या कपाळाची शीर फुगलेली बघून मी शेवटी ओरडलेच, "ओढताय म्हणूनच अडकलीय ती!"

सगळे थांबले. मला मग नीट सांगताही येईना. "आत एक खिटी असते. ती गनच्या खाचेत बसते. आपण ओढलं की खाच खिटीवर दाबली जाते, मग ती मागं सरकत नाही. दारावर भार दिला की कडी निघत नाही, तसं. ओढायची नाही. आत ढकलायची."

"काढायला आत ढकलायची?" व्यापारी म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं. मलाही तेवढी खात्री नव्हती.

पप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि गन आत रेटून धरली. मी चावीचं बटण दाबलं. कुर्र, कट्ट. गन सहज हातात आली.

वॉचमन मात्र गनचं टोक बघत होता. "पावणं, ह्ये लाल काय लागलंय माझ्या गनला?"

पप्पांनी बोटानं पुसून बघितलं. बोट लाल झालं. मी मोबाइलचा टॉर्च गाडीच्या तोंडात मारला. वरच्या बाजूच्या बारीक पिनांवर हळदीकुंकवाचा वाळलेला पापुद्रा. खालच्या खाचेत तांदळाचे चार दाणे. या बारीक पिनांवरूनच गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात. त्यांच्यामध्ये कुंकू आलं की बोलणं कसलं व्हायचं.

पप्पांनी तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर.

"खंडेनवमीला पूजा कुठं केलीस?"

"गाडीची? केली की. चाकाला लावलं, स्टेरिंगला लावलं. इंजन कुठं हाय त्ये कळंना, मग जिथनं वीज आत जाती तिथं लावलं. का वं?"

"पिनांवर?"

"मग? ताकद तिथनंच येती न्हवं?"

व्यापारी तोंड फिरवून हसले. मला हसू आलं नाही. तिचं म्हणणं चुकीचं होतं, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

"पाण्यानं धुवून टाका," व्यापारी म्हणाले.

"पाणी नाही!" हे मात्र मी पहिल्याच वेळी मोठ्यानं म्हटलं.

"मग डिझेलचं फडकं?" पप्पा म्हणाले.

"तेही नाही!"

गाडी बंद केली, गन लांब टांगून ठेवली. वॉचमननं हॉटेलच्या रंगकामातला एक कोरा ब्रश आणून दिला. कोरड्या ब्रशनं मी पापुद्रा झाडला, दाणे बाहेर काढले. गनचं टोकही तसंच साफ केलं, नाही तर पुढच्या गाडीला आमच्या घरचं कुंकू लागलं असतं. परत गन लावली. पांढरा. कट्ट. स्क्रीन विचार करत बसली. मग दिवा हिरवा लुकलुकायला लागला आणि मशीनवरचा निळा झाला.

"आता ह्यो निळा का?" व्यापाऱ्यांनी विचारलं.

कागलला जाऊन परत येण्यापुरतं चार्ज करून निघालो. कंपनीच्या गेटवर पोचलो तेव्हा चार केव्हाच वाजून गेले होते. सुपरवायझर घड्याळ दाखवत म्हणाले, "पहिल्याच दिवशी उशीर? रोज असंच चार्जिंगचं कारण सांगणार काय?"

"चार्जर खराब हुता, सायेब," पप्पा म्हणाले.

मला गप्प बसता आलं असतं. पण मग तो माणूस रोज मनात धरणार, की या गाडीचं चार्जिंग बेभरवशाचं. मी चाचरत सगळं सांगितलं. कुंकू, तांदूळ, सगळं.

ते मला नाही, पप्पांना म्हणाले, "म्हणजे गाडीत दोष नाही?"

"न्हाई, सायेब."

त्यांनी स्वतः चार्जिंगचं झाकण उघडून आत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "उद्या सकाळी सातला. उशीर चालणार नाही."

गेटबाहेर आल्यावर पप्पांनी काच खाली घेतली. मग एकदम म्हणाले, "तांदळाचं कशाला सांगायचं? नुस्तं कुंकू सांगितलं असतं तर भागलं नसतं काय?"

मी म्हटलं, "खरंच तांदूळ होते, पप्पा."

"व्हय, पर चार दाण्यांसाठी आपली आब्रू..." असं म्हणत त्यांनी गाडी हायवेला घेतली. सकाळी सातला कागल गाठायचं तर रात्री घरी प्लग लावून बॅटरी भरायला हवी होती.