मागे न घेतलेली खूण

आमच्या ऑफिसात त्याला सगळे ‘कालवाला’ म्हणत. कोणी चुकून काही पुसलं, बिघडवलं, की तोंड पाडून त्याच्या टेबलाशी यायचं आणि तो मान वर न करता विचारायचा, ‘कधीपर्यंत बरं होतं?’ तेवढं सांगितलं की तो कालचं परत आणून द्यायचा. आभार कोणी मानत नसे. काम झालं की वर टोमणा मात्र हमखास, की बायको मिळाली नाही कारण मुलगी बघायलाही हा कालच गेला असणार. तो हसायचा. त्याचं ते हसणं मला कधीच आवडलं नाही. मार खाणाऱ्याने मारणाऱ्याचा हात दुखला का विचारावं, तसं होतं ते.

ऑफिस म्हणजे शस्त्रक्रियांच्या प्रतीक्षायादीचं. गावोगावचे दवाखाने आपापल्या कॉम्प्युटरवर रुग्णांची नोंद करत आणि ती दर थोड्या वेळाने आपोआप आमच्या मुख्य यादीत उतरत असे. त्याला सिंक म्हणतात. दवाखान्याने नाव घातलं की आमच्याकडे नाव येणार, त्यांनी ‘तातडीचा’ असा शेरा मारला की आमच्याकडेही माणूस वर सरकणार. वर सरकला की त्याला मेसेज जाणार आणि त्याचं नाव माझ्या स्क्रीनवर येणार. मग मी फोन लावून अमुक दिवशी भरती व्हा म्हणून सांगायचं. इतकी वर्षं मी हेच करते. माझा फोन आला की लोक रडतात, आशीर्वाद देतात. मला त्याची सवय झाली आहे.

कालवाल्याचं टेबल माझ्या शेजारी. घरी तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. बहिणीने लाँड्रीच्या काउंटरवर उभं राहून त्याला वाढवलं आणि त्या उभं राहण्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून आम्हीही ताईच म्हणत असू. खरं नाव विचारायचं कधी कोणाला सुचलं नाही. ताईच्या हृदयाची झडप खराब झाली होती. दोन जिने चढताना ती मधल्या पायरीवर बसायची आणि वर ‘मी हवा खात बसलेय’ अशी मखलाशी करायची. आमच्याच यादीत ती वाट पाहत होती, साध्या रांगेत.

तरी त्याने तिची नोंद कधी उघडून पाहिली नाही. नियमच तसा होता. आपल्या नातलगाची नोंद पाहायची नाही, दुसऱ्याकडून पाहवून घ्यायची नाही. कोणी काय उघडलं ते कॉम्प्युटर टिपून ठेवतो. सासूची तारीख बघितली म्हणून आमच्यातल्या एकीला घरी बसवलं होतं, त्यामुळे धाक पक्का होता.

त्या दिवशी दुपारी विश्वस्त येणार होते. सकाळपासून साहेब फुलदाण्या इकडच्या तिकडे करत होते. तेवढ्यात एका दवाखान्याने नवा कॉम्प्युटर बसवला आणि जुन्या यादीऐवजी नवी कोरी यादी सिंकला जोडून दिली. आता सिंक म्हणजे काही शहाणा माणूस नव्हे. तिकडे जे नाही ते इकडेही नको, एवढंच त्याला कळतं. त्याने त्या दवाखान्याचे सगळेच्या सगळे रुग्ण आमच्या यादीतून पुसून टाकले. लक्षात येईस्तोवर बराच वेळ गेला होता आणि दरम्यान बाकीच्या दवाखान्यांचे खरेखुरे बदलही उतरत राहिले होते.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. कालवाल्याने मात्र आधी सिंक बंद केलं. नळ चालू ठेवून फरशी पुसायची नसते, हे त्याचं नेहमीचं वाक्य. मग त्याने पहाटे घेतलेली यादीची पूर्ण प्रत वेगळ्या जागी उघडली, तिच्यावर सकाळपासूनचे बदल एकामागून एक चढवत नेले आणि पुसापुशी सुरू व्हायच्या अगदी आधीच्या मिनिटाला थांबवले. गेलेली माणसं त्या प्रतीत जिथल्या तिथे उभी होती. ती प्रत त्याने मुख्य यादी म्हणून लावली, बिघडलेली बाजूला ठेवली आणि त्या दवाखान्याची नवी यादी सिंकपासून तोडली. विश्वस्तांची गाडी फाटकातून आत येत होती.

काम इथे संपत नव्हतं आणि हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. सिंक स्वतःजवळ एक खूण ठेवतं, प्रत्येक दवाखान्याचं कुठवर वाचून झालं त्याची. पुस्तकात आपण दोरा ठेवतो तशी. आमची यादी सकाळपर्यंत मागे गेली, पण खूण दुपारवरच राहिली. म्हणजे मधल्या वेळात इतर दवाखान्यांनी जे खरे बदल पाठवले होते ते यादीतून आणि माझ्या स्क्रीनवरूनही गेले होते आणि सिंकच्या लेखी मात्र ते पोचते झाले होते. ते पुन्हा कधीच आले नसते. म्हणून यादी मागे नेली की खूणही मागे न्यायची असते.

त्याने तसं सांगितलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. खूण मागे नेली तर जुने बदल पुन्हा उतरतील, लोकांना तेच ते मेसेज दुसऱ्यांदा जातील, विश्वस्तांसमोर फोन खणाणतील, असं त्यांचं म्हणणं. तो म्हणाला, तेवढा वेळ मेसेज बंद ठेवता येतात. त्याला वरची परवानगी लागते, साहेब म्हणाले, नंतर बघू. आणि खूण होती तिथेच ठेवून सिंक सुरू करायला लावलं.

विश्वस्त खूश झाले. साहेबांनी संकटावर कशी मात केली ते साहेबांनीच सांगितलं. कालवाल्याला चहाचे कप उचलायला मदत करायला सांगितलं होतं, कारण शिपाई रजेवर होता.

संध्याकाळी घरी गेला तर ताई खुशीत. त्याच सकाळी तिच्या डॉक्टरांनी तपासून ‘तातडीचा’ शेरा मारला होता. आता फोन येईल, बॅग भरून ठेवा, म्हणाले होते. पाठोपाठ मेसेजही आला होता. ताईने खरंच बॅग भरली होती. शेरा कधी मारला, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, ‘अकराचा चहा आला तेव्हा.’ त्याने यादी जिथे थांबवली होती तो क्षण त्या चहाच्या थोडाच आधीचा होता.

दुसऱ्या दिवशी हे सगळं त्याने मला सांगितलं आणि तसाच उठून साहेबांकडे गेला. केबिनचं दार उघडंच होतं, सगळ्यांना ऐकू येत होतं.

‘साहेब, खूण मागे घ्यायलाच हवी. मधल्या वेळचे बरेच जण अडकलेत.’

‘बरेच जण? की कोणी एक?’

खोटं त्याला येत नसे. तो म्हणाला, ‘माझी बहीणही असेल त्यात.’

‘असं म्हणा की,’ साहेब खुर्चीत मागे रेलले. ‘म्हणजे तुमच्या घरच्या माणसासाठी मी अख्खी यंत्रणा मागे न्यायची. आणि तिचा शेरा इथे नाही हे तुम्हाला कसं कळलं? नोंद उघडलीत?’

‘नाही उघडली.’

‘मग कशावरून बोलता? सासूवालीचं काय झालं आठवतंय ना?’

बाहेर कोणीतरी फिसकन हसलं. तो परत आला, बसला आणि दुसऱ्याच कोणाचं पुसलेलं काम काढायला लागला. बाजूला ठेवलेल्या बिघडलेल्या यादीत मधले बदल होते, ती ताडून पाहिली असती तरी कोण कोण अडकलंय ते कळलं असतं. पण ती जागा अडवते म्हणून साहेबांनी त्याच आठवड्यात उडवायला लावली. उडवली त्यानेच.

मला साहेबांचा राग येत नाही. विंचवाने नांगी मारली म्हणून कोणी विंचवावर रुसत नाही. मला राग येतो तो कालवाल्याचा, अजून येतो. अरे, टेबलावर उभं राहून ओरडायचं होतंस. नोकरी गेली असती तर गेली असती. पण नोकरी गेली तर ताईची औषधं कुठून आणणार, हेही खरंच होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

ताई दवाखान्यात जाऊन विचारायची. त्यांच्या कॉम्प्युटरवर ती तातडीचीच होती, शेऱ्यापुढे ‘पाठवले’ अशी बरोबरची खूणही होती. ते तिला छातीठोकपणे सांगायचे, आमच्याकडून गेलंय बाई, वरून फोन येईल. मग ती घरी येऊन फोन चार्जिंगला लावायची. न्हाणीघरात जाताना दाराबाहेर ठेवायची. भावाला एकदाच म्हणाली, ‘तुमच्या ऑफिसात कामं नीट होतात ना रे?’ तो म्हणाला, ‘होतात की.’

एक दिवस ती मधल्या पायरीवर हवा खायला बसली ती उठलीच नाही. भरलेली बॅग कोपऱ्यात तशीच होती. आम्ही सगळे जाऊन आलो. साहेबही आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की वेळ आली की कोणाचं काही चालत नाही. तो हसला. तेच ते हसणं.

नंतर वार्षिक तपासणीत दवाखान्यांच्या याद्या आणि आमची यादी यांचा मेळ बसेना. तपासणीसांनी लेखी विचारलं तेव्हा साहेबांना एकदम खूण आठवली. वरातीमागून घोडं. त्यांनी कालवाल्याला बोलावून, हे राहिलंच कसं तुमच्याकडून, असं विचारलं आणि विश्वस्त आले त्या दिवसापर्यंत खूण मागे घ्यायला सांगितलं. मेसेज बंद ठेवू का, त्याने विचारलं. आता कोण बघतंय, साहेब म्हणाले, उरका.

त्याने उरकलं. माझ्या स्क्रीनवर तातडीची नावं भराभर उतरायला लागली. मी वरून सुरुवात केली. बहुतेकांचं ऑपरेशन कुठे ना कुठे होऊन गेलं होतं, काहींनी शिव्या दिल्या. मी पुढचा नंबर लावला, एका बाईंचा.

शेजारच्या टेबलावर फोन वाजला.

बँकेची कामं उरकायला तो ताईचा फोन जवळ ठेवत होता. त्याने पडद्यावर आलेला मेसेज वाचला, मग आमचा नंबर वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. मी फोन ठेवायला हवा होता. ठेवला नाही. त्याने फोन उचलून कानाला लावला आणि माझ्या तोंडून ते रोजचं वाक्य गेलं, की आपला नंबर लागला आहे, सोमवारी सकाळी उपाशीपोटी भरती व्हायला या. तो शेवटपर्यंत ऐकत होता.

‘त्या वारल्या,’ तो फोनमध्येच म्हणाला. ‘नाव काढा. पुढच्याला लावा.’

तेवढ्यात साहेब आमच्या रांगेतून जात होते. त्याच्या टेबलाशी क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, ‘काय, जुळलं का सगळं?’

त्याने फोन खिशात ठेवला.

‘जुळलं, साहेब.’