पिवळ्यावर काळं

कॉलेजची मुलं तीन डिझाइनं घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा काकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. "ही तीनशे टी-शर्टांची ऑर्डर मिळाली तर जागेचा करार आणखी एक वर्ष वाढवतो. नाही मिळाली तर टेबल विकतो. मग तुझं तू बघ." शेवटचं वाक्य बोलताना ते शाईच्या डब्याकडे बघत होते.

जागा म्हणजे बुधवार पेठेत रेडिओ-स्पीकरच्या दुकानांमागची लांबट खोली. काकांचं त्यात छपाईचं काम, आणि मी त्यांच्याकडे सात वर्षं. आठवीनंतरची शाळा आमच्या गावापासून लांब होती, म्हणून माझी तिथेच सुटली. गडचिरोलीकडून पुण्यात आले ती एका नातेवाइकाच्या भरवशावर, आणि तो भरवसा महिन्याभरात संपला. काका-काकूंनी नाव-गाव विचारून कामाला घेतलं, आणखी काही विचारलं नाही. त्यांचे उपकार मी रोज मोजते, आणि रोज भीती वाटते, की एक दिवस ते म्हणतील, आता पुरे.

ती भीती खोटी नव्हती. आमचं काम कमी होत चाललं होतं. आम्ही छापतो ते चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीतून. डिझाइनमध्ये जितके रंग, तितक्या जाळ्या बनवायच्या, आणि प्रत्येक टी-शर्टवर तितक्या वेळा शाई ओढायची. आता हिंजवडीकडे मशिनवाले आहेत. ते एका फिल्मवर सगळं चित्र छापतात आणि गरम दाबून टी-शर्टवर उतरवतात. त्यांच्याकडे दोन रंग असोत की वीस, भाव तोच. आमची बाजू फक्त एका ठिकाणी वर येते: रंग कमी आणि नग भरपूर असले की. जाळी एकदा बनवली की तीनशे टी-शर्टांना तीच. म्हणून तीनशे.

मुलं तिघं होती. चित्रं काढणारा एक मुलगा, हिशोब बघणारी एक चष्म्याची मुलगी, आणि कार्यक्रमाचा प्रमुख म्हणून आलेला एक उंच मुलगा, जो सारखा फोनमध्ये बघत होता. त्यांच्या कॉलेजचा वार्षिक महोत्सव होता. मुलगी म्हणाली, "मागच्या वर्षी बाहेरच्या कॉलेजची एक मुलगी चक्कर येऊन पडली, आणि तिच्या मैत्रिणीला आमचा एकही स्वयंसेवक सापडला नाही. सगळे तिथेच होते, पण ओळखू कोणीच आलं नाही. म्हणून यंदा टी-शर्ट लांबून दिसलाच पाहिजे."

काकांनी चष्मा पुसला. "दाखवा."

पहिलं डिझाइन काळ्या टी-शर्टवरचं. त्यात टेकडी, ढोल, गिटार, उडणारे पक्षी, आणि खाली नागमोडी अक्षरात महोत्सवाचं नाव. फोनवर फारच सुंदर दिसत होतं. काकांनी रंग मोजले. "सहा. आणि काळ्या कापडावर हे रंग थेट मारले तर मळकट दिसतात, म्हणून खाली पांढरा थर. म्हणजे सात जाळ्या. सातही एकमेकींवर केसाएवढ्या जुळल्या पाहिजेत. जुळवू आम्ही, पैसे तुम्ही जुळवा."

दुसरं गडद निळ्यावर मरून अक्षरं, कडेनं बारीक केशरी रेघ. तिसरं काळ्यावर नुसती पिवळी अक्षरं, पाठीवर: 'मदत हवी? मला विचारा'.

"हे तिसरं म्हणजे एसटी स्टँडवरचा बोर्ड वाटतो, यार," उंच मुलगा म्हणाला.

"बोर्ड वाचतात तरी लोक," काका म्हणाले.

मग काकांनी त्यांची नेहमीची पद्धत सांगितली. तिन्ही डिझाइनं शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून खऱ्या मापात रंगीत काढून आणायची, टी-शर्टांना सेफ्टी पिनांनी लावायची, ते अंगात घालायचे आणि गल्लीच्या टोकाला जाऊन उभं राहायचं. खोलीच्या दारातून मी वाचायचं. मला वाचायला वेळ लागतो, अक्षर अक्षर जोडून वाचते. काका गिऱ्हाइकांना सांगतात, "हिला वाचता आलं तर पुण्यात कुणालाही वाचता येईल." मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्या अर्धवट शाळेचा तेवढा तरी उपयोग होतो.

तिघं टी-शर्ट घालून टोकाला गेली. मधून स्कूटी जात होत्या, एकाच्या डोक्यावर टीव्हीचं खोकं होतं. मुलं पाठमोरी झाली.

टेकडीवालं चित्र तिथून गोधडीच्या ठिगळासारखं दिसत होतं. ढोल कुठला, पक्षी कुठले, काही नाही. नाव तर नव्हतंच. निळ्यावरचा मरून अंधारात गेला होता, केशरी रेघ इतकी बारीक की दिसत नव्हती. पिवळी अक्षरं दिसत होती, पण 'दत हवी? मला विचा' एवढीच. टी-शर्ट चष्म्याच्या मुलीच्या अंगात होता, आणि ती लहानखुरी. ओळ रुंद होती, दोन्ही टोकं काखेखाली वळली होती. टेबलावर कापड सपाट असतं, माणूस गोल असतो.

मी काकांना म्हटलं, "ओळ लहान करा. 'मदत हवी' काढूनच टाका. 'मला' वर, 'विचारा' खाली. अक्षर मोठं होईल, आणि लहान साइझलाही बसेल."

"आणखी?"

"अक्षरांची पोटं मोकळी ठेवा. जाड केली की 'म'चं पोट भरून जातं, लांबून डाग दिसतो."

काका मुलांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लिहून घ्या रे. इथे फी नाही."

तेव्हाच माझ्या डोक्यात आलं, की काळ्यावर पिवळं छापायला खाली पांढरा थर लागतो, म्हणजे दोन जाळ्या. त्यापेक्षा टी-शर्टच पिवळा घ्यावा आणि वर काळी शाई. जाळी एकच, शाई एकदाच, आणि माणूसच आधी दिसेल, अक्षर नंतर. मी हे बोलले तेव्हा काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, ऑर्डर आली. करार वाढला. मी मनात गावी फोनसुद्धा लावला होता.

नवीन कागद आला. पिवळा टी-शर्ट आमच्याकडे जुन्या नमुन्यांत होता. तो उंच मुलाला घातला, मग मुलीला घातला. दोघांच्याही पाठीवरून मला एका दमात वाचता आलं. पाठीला सॅक लावली की अक्षरं झाकली जात होती. मुलगी म्हणाली, "त्या दिवशी सॅक बंद." एका रंगाचा भाव काकांनी सांगितला, आणि तिनं फोनवर मशिनवाल्याचा दर काढून ताडून पाहिला. तीनशे नगांना आम्ही बरेच स्वस्त पडत होतो.

"डन," उंच मुलगा म्हणाला. "तीनशे पिवळे. सगळं कॉलेज सूर्यफुलाचं शेत दिसेल."

मी पिना काढत होते. हात कामात असले की माझं तोंड सैल सुटतं. मी म्हटलं, "सगळ्यांनी हाच घातला तर विचारायचं कोणाला?"

चित्रं काढणारा मुलगा हसायला लागला, मग थांबला. चष्म्याची मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"स्वयंसेवक किती आहेत आपले?" तिनं विचारलं.

"चाळीस," उंच मुलगा म्हणाला. "पण बाकीच्यांना काहीतरी द्यायला लागेल ना."

"त्यांना मनगटाला कागदी पट्टी. ताई बरोबर बोलतायत. मागच्या वर्षीसुद्धा सगळ्यांनी एकच टी-शर्ट घातला होता, म्हणून तर कोणी सापडलं नाही!" तिचा चेहरा इतका खुलला होता. "थँक यू, ताई. खरंच."

मला 'नाही नाही, तसं नाही' म्हणायचं होतं. पण म्हणणार काय? खोटं सांगायचं, की तीनशे जणांत चाळीस दिसतात? ती चक्कर आलेली मुलगी डोळ्यांसमोर होती. मी उरलेल्या पिना काढल्या. काकांना हवं असतं तर ते मुलांना गोल फिरवून तीनशेवर आणू शकले असते, तेवढी वर्षं ते या धंद्यात आहेत. त्यांनी पावती पुस्तक उघडलं आणि चाळीस लिहिलं.

मुलं गेल्यावर मी म्हटलं, "काका, चुकलं माझं."

"कुठे चुकलं? बरोबरच होतं." त्यांनी पंखा बंद केला. "बाईसाहेब, तुम्ही प्राध्यापक व्हायला हवं होतं. छपाईत वाया गेलात."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. काकूंनी दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी जास्तीचं थालीपीठ दिलं, म्हणजे त्यांना कळलं होतं.

चाळीस टी-शर्टांना एक सकाळ पुरली. मी एकेक ओढून काढला, कुठे शाई फुटली नाही, कुठे अक्षर भरलं नाही. लहान साइझचे आधी छापले, मधोमध धरून. इतकं नीट काम मी पूर्वी कधी केलं होतं का, आठवत नाही. त्याचा काही उपयोग नव्हता हे हातांना माहीत नव्हतं.

महोत्सवाच्या दिवशी काका म्हणाले, "जाऊन बघून ये, दिसतंय का." मी कॉलेजच्या फाटकाबाहेरूनच पाहिलं, आत जायला पट्टी लागत होती. मैदान रंगीबेरंगी कपड्यांनी भरलं होतं आणि त्यात पिवळे ठिपके सुटे सुटे कळत होते. एक बाई लहान मुलाचा हात धरून सरळ एका पिवळ्या पाठीकडे गेली, खांद्याला हात लावला, आणि त्या स्वयंसेवकानं तिला बोट दाखवून रस्ता सांगितला. डिझाइन जसं असावं तसंच होतं. तरी बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं.

गावाहून आईचा फोन आला. "का करून राहिली वं?"

"काम," मी म्हटलं.

"मालक बरा आहे ना?"

"देवमाणूस आहे." ते खरंच होतं.

मी परत येऊन काकांना सांगितलं, "दिसतंय. लांबून दिसतंय."

"छान," ते म्हणाले, आणि म्हणाले, की टेबल घेणारा माणूस संध्याकाळी माप घ्यायला येणार आहे, सोलापूरकडचा आहे, तिकडे अजून लोक जाळीवर छापतात. हिंजवडीच्या मशिनवाल्याशी ते माझ्यासाठी बोलले होते. त्याला दहावी झालेली मुलगी हवी होती.

टेबलावर सात वर्षांचा डिंक बसला होता, टी-शर्ट सरकू नये म्हणून लावायचा तो. मी पत्र्याची पट्टी घेतली, चिंधी रॉकेलमध्ये भिजवली, आणि एका टोकापासून खरवडायला लागले. माप घ्यायला येणाऱ्याचा हात चिकटू नये, एवढंच त्या वेळी माझ्या हातात होतं.