कडूबाची नोटीस आणि द्वारकाताई

पुंडलिकनगरात वकील पुष्कळ आहेत, पण कस्टमची नोटीस आली की आम्ही चितेगावचे दुकानदार द्वारकाताईंकडेच पळतो. बाई फटकळ. चहा लगेच मिळतो, धीर मात्र नोटीस वाचून झाल्यावर. आणि त्यांची एक खोड अशी, की नोटिशीत काय लिहिलंय ते ज्याचं त्याच्याच तोंडून वदवून घेतात.

माझा चुलतभाऊ कडूबा फवारणी पंपाचे सुटे भाग परदेशातून मागवतो. नोटिशीत अडतीस लाखांचा आकडा दिसला आणि या गड्यानं थेट दुकान विकायला काढलं. संध्याकाळी इसार घ्यायचा होता. मी त्याचं बखोट धरून ताईंकडे नेलं.

ताईंनी चार कोऱ्या कागदांवर आरोप, मागणी, पुरावे, मुदत असं लिहिलं आणि नोटीस वाचत एकेक भरत गेल्या.

"अडतीस लाख ही तुमच्या चार खेपांच्या मालाची किंमत हाय. मागणी चार लाख वीस हजारांची, वर व्याज. दंड लावायचं म्हणत्यात, पण ठरला नाय. ही नोटीस हाय, निकाल नव्हं." मग आरोपांचा कागद त्याच्यापुढं सरकवला. "आता तुम्ही सांगा."

घाबरलेल्या माणसाची ही कसली परीक्षा, म्हणून मला रागच आला.

कडूबा अडखळला. "म्हणत्यात, मी गाड्या धुवायच्या गन शेतीचं सामान म्हणून आणल्या. कर कमी भरला."

"चारी खेपांत?"

"व्हय, चारी."

"कशावरनं?"

जोडलेल्या पुराव्यांत बिलं होती, कडूबाचा जबाब होता आणि परदेशी कंपनीचं माहितीपत्रक. ते त्यानं उलटसुलट पाहिलं.

"ताई, ह्यात छापलेला माल शेवटच्या खेपेचा. आधीच्या तीन दुसऱ्या कंपनीच्या. पाठीवरच्या पंपाचे नोझल व्हते. ऑर्डरी दुकानात हायत."

"आन् शेवटची?"

कडूबानं मान खाली घातली. "ती गाड्या धुवायचीच."

"मग तसंच लिहू. तिचा कर व्याजासकट भरा. खोटं मी लिहीत नाय. आधीच्या तिन्ही खेपांच्या ऑर्डरी आणा, सुनावणी बी मागू."

नोटीस हाती पडल्यापासून तीस दिवसांची मुदत. कडूबानं पाकीट न फोडता आठवडाभर देवामागं ठेवलं होतं, ते दिवस गेलेच. ताईंनी मुदतीच्या कागदावर शेवटचा दिवस मोठ्या अक्षरांत लिहिला: एकवीस तारीख.

त्यांनी नुसतं समजावलं असतं, तर कडूबानं मान डोलावली असती आणि ते माहितीपत्रक बघितलंही नसतं. बाईपुढं हात जोडावेसे वाटले.

आम्ही परतलो तर दुकानाशी गिऱ्हाईक इसाराची पिशवी घेऊन बसलं होतं. "अडतीस लाखांचं लफडं म्हणं?" त्यानं विचारलं.

"नाय," कडूबा म्हणाला. "तीन खेपा चोख हायत. एकीत माझी चूक हाय, ती भरीन." आणि शटर वर करून तो ऑर्डरींची फाईल शोधायला आत गेला.