आज थांबलेलं रक्त

सत्तरच्या दशकात वसमतच्या सरकारी दवाखान्यात मी नवाच डॉक्टर म्हणून लागलो होतो. एके दिवशी कुरुंद्याची एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. बाई हळदीच्या शेतात मजुरीला जायची. पोरगी बांधावरून पडून तिची हनुवटी फुटली होती. मी बघितलं तेव्हा रक्त आपोआप थांबलेलं. पट्टी बांधली आणि घरी जा म्हणालो.

बाई जागची हलली नाही.

"सायेब, आज न्हाई वाहणार. उद्या वाहतंय."

"उद्या काहून?"

"हिचं असंच हाय. लागतं आज, रगत येतं उद्या. मंग थांबत न्हाई."

मी मुलीच्या बोटाला टोचून रक्त थांबायला आणि गोठायला किती वेळ लागतो ते पाहिलं. दोन्ही अगदी बरोबर. तसं सांगितलं, तरी बाई वाद न घालता व्हरांड्यात बसून राहिली. तिच्या त्या शांतपणामुळेच मी मुलीला ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी भिजून गेली. हनुवटीखाली निळी-काळी सूज आली. दाबून बांधलं की थांबायचं, पुन्हा झिरपायचं. बाईनं तेव्हा सगळं सांगितलं. पहिला मुलगा जन्मला, नाळ गळून पडली आणि बेंबीतून रक्त यायला लागलं. त्यातच तो गेला. या मुलीचंही बेंबीतून तसंच वाहिलं होतं. ही कशीबशी वाचली. नवरा तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. दोघांना स्वतःला कधी असा त्रास नव्हता.

रक्त न थांबण्याचा जो आजार मला ठाऊक होता तो बहुतेक मुलग्यांना होतो, आणि त्यात रक्त गोठायला उशीर लागतो. इथं दोन्ही जुळत नव्हतं. मी रजा टाकली आणि मायलेकींना घेऊन एस.टी.नं औरंगाबादला माझ्या शिक्षिकेकडे गेलो. त्या रक्ताच्या तपासण्या करायच्या. आवाज करडा, आणि आम्ही विद्यार्थी त्यांना फार घाबरायचो.

त्यांनी गोठण्याच्या नेहमीच्या सगळ्या चाचण्या पुन्हा केल्या. सगळ्या नॉर्मल. मी हिरमुसलो. मॅडम म्हणाल्या, "चाचण्या नॉर्मल आहेत, पण पोरीचं रक्त वाहतंय ना? मग आपण चुकीचा प्रश्न विचारला असणार."

मग त्या बाईसमोर स्टूल ओढून बसल्या आणि बेंबीपासूनची सगळी हकीकत तिच्याकडून ऐकली. मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "बाई, तुम्ही बरोबर सांगितलंत."

त्यांनी मुलीच्या आणि माझ्या रक्ताच्या गुठळ्या दोन नळ्यांत युरियाच्या तीव्र द्रावणात घातल्या. काही तासांनी बघितलं, तर माझी गुठळी तशीच होती. मुलीच्या नळीत नुसतं पाणी दिसत होतं. गुठळी विरघळून गेली होती. मॅडमनी नळी उजेडात धरून बाईला दाखवली.

"रक्त गोठतं हिचं. पण गोठल्यावर त्यातले धागे एकमेकांना पक्के शिवायला तेरावा घटक लागतो. तो हिच्यात नाही. म्हणून आज धरतं आणि उद्या सुटतं. आमच्या चाचण्या रक्त गोठलं की तिथंच थांबतात. पुढचं त्यांना दिसत नाही."

"मंग माझ्या पोराचं बी ह्येच व्हतं?"

"हो. तुमची काही चूक नव्हती. दोघांच्याही रक्तात ही उणीव अर्धी-अर्धी होती, ती लेकरांत एकत्र आली."

बाई तेव्हा पहिल्यांदा रडली.

मुलीला दात्याचा प्लाझ्मा चढवला आणि झिरपणं थांबलं. मॅडमनी मला बजावलं, "हा घटक थोडा पुरतो, आणि बरेच दिवस टिकतो. महिन्याला एकदा इथं पाठवा, प्लाझ्मा देऊ. डोक्याला मार लागला तर उद्याची वाट बघू नका, तिथंच लगेच ताजं रक्त द्या."

तेव्हापासून बाई दर महिन्याला मुलीला घेऊन एस.टी.नं औरंगाबादला जायची. पेरणी असो की हळद काढणी, तिनं एकही खेप चुकवली नाही.

दोनेक वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. बाळंतपणाला ती मुद्दाम आमच्या दवाखान्यात आली. मुलगा झाला. नाळ गळाली आणि बेंबीवरचा कापूस लाल होऊ लागला, तशी बाळाला छातीशी धरून ती चालत माझ्या खोलीत आली.

"सायेब, सुरू झालं. रगत कोणाचं घेता?"

आमच्या कंपाउंडरचं रक्त जुळलं. ताज्या रक्तातही तो घटक असतोच. बाळाला पुरेल इतकं हळूहळू दिलं. संध्याकाळपर्यंत बेंबी कोरडी झाली. त्याआधीच काढून ठेवलेलं बाळाचं रक्त मॅडमकडे पाठवलं. बाईनं आधीच ओळखलं होतं तेच निघालं. त्यानंतर दर महिन्याच्या एस.टी.त तिच्यासोबत दोन लेकरं असायची.

माझी बदली झाली तेव्हा मुलगी चौथीत होती आणि धाकटा धावायला लागला होता. पुढं पुष्कळ हुशार माणसं भेटली. पण ज्या दोघींमुळे मी रोग्याच्या आईचं बोलणं कागदावरच्या आकड्यांआधी ऐकायला शिकलो, त्यांतली एक प्रयोगशाळेत होती आणि दुसरी हळदीच्या शेतात.