लालखाली लाल

धाराशिवच्या दवाखान्यात मी मानसिक चाचण्या घ्यायचो, तेव्हाची गोष्ट. तेरखेड्याचे एक फटाके कारागीर आले होते. स्फोटात कपाळाला मार लागला होता, जखम भरली होती. शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा होता; निळ्या शाईतला ‘लाल’ हा शब्द दाखवला, की ते बरोबर ‘निळा’ म्हणायचे. जीभ ताब्यात होती. मग कागदावर विखुरलेल्या आकडे-अक्षरांतून एकवरून ‘क’, तिथून दोन, मग ‘ख’, अशी रेघही त्यांनी न अडखळता ओढली.

“झालं की! कामावर पाठवा,” डॉक्टर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. अजून तिसरी चाचणी बाकी होती, आणि ती वेगळंच काही तपासते: चूक कळल्यावर हात थांबतो का.

पत्त्यांवर रंगीत आकृत्या असतात; समोरच्या चार पत्त्यांखाली हातातले पत्ते जुळवायचे. नियम सांगायचा नाही, फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं. रंग जुळवायचा हे त्यांनी लगेच ओळखलं. मग मी न सांगता नियम बदलला. आता आकार जुळायला हवा होता.

त्यांनी लालखाली लाल ठेवला. “चूक.” पुन्हा लालखाली लाल. “चूक.”

“व्हय साहेब, रंग न्हाय चालत आता,” ते शांतपणे म्हणाले, आणि पुढचा पत्ताही लालखालीच ठेवला.

मी शेवटचा पत्ता दिला. माझ्याकडं बघत त्यांनी विचारलं, “मग फटाक्यात दारू भरायला कधीपासून जाऊ?”

तोवर हातानं पत्ता लालखाली ठेवलाही होता.