इतके नाही जिंकलो

अकोल्याच्या दैनिकात मी वाचकांची पत्रं पाहायचो. एका निवडणुकीच्या निकालात पक्षांना मिळालेल्या मतांच्या आलेखात आमच्या मांडणी विभागातल्या दीडशहाण्यांनी जागा वाचवायला मोजपट्टी शून्याऐवजी चाळीस टक्क्यांपासून सुरू केली. अठ्ठेचाळीसचा खांब चव्वेचाळीसच्या दुप्पट उंच दिसला.

जिंकलेल्या पक्षाच्याच एका कार्यकर्त्याचं दर्यापूरहून पत्र आलं: "आमी जिंकलो, पण इतके नाई. खांब शून्यापासून काढा. तुमचं चित्र पाहून आमचे पोट्टे हरलेल्यायच्या दारात फटाके फोडून राहिले. आमाले त्यायच्याच शेजारी राहा लागते."

संपादकांनी पत्र छापलं, शेजारी दुरुस्त आलेखही.

आता मी अमरावतीत निवृत्त आहे. फोनवर रंगीत आलेख येतात, जो तो आपलाच खांब वाढवतो. तेव्हा दर्यापूरचा तो न पाहिलेला माणूस फार आठवतो.